उंची मोजायची, तर उभं कुठं राहायचं?

वणा नदीकाठचं हिंगणघाट वर्धा जिल्ह्यात ओळखलं जातं ते कापसामुळं. त्याच गावात विल्यम लॅम्बटन याची कबर आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा जनक हैदराबादहून नागपूरकडं मुक्काम हलवत असताना वाटेत आजारी होता आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. पुढचं काम त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट याच्याकडं गेलं. एव्हरेस्टचं नाव पुढं जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. लॅम्बटनचं नाव मात्र हिंगणघाटातही फारसं कुणाच्या तोंडी नाही.

लॅम्बटनच्या कामाची गोम अशी होती. १८०२ च्या एप्रिलमध्ये त्यानं मद्रासजवळ साडेसात मैलांची एक आधाररेषा पोलादी साखळीनं मोजायला घेतली. ही मोजणी इतकी किचकट की तिला कित्येक आठवडे लागले. पुढं मात्र साखळी बाजूला ठेवली. रेषेच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या ठिकाणाचे कोन घ्यायचे, त्यावरून त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणितानं काढायच्या, त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा करायची, की चालले पुढं. मधूनमधून पडताळ्यासाठी नवी आधाररेषा मोजली जाई, पण शेकडो मैलांचा पसारा तोलला होता तो कोनांनीच. कोन वाचताना झालेली लहानशी चूक एका त्रिकोणातून दुसऱ्यात उतरत जाणार, हे उघड होतं. म्हणून लॅम्बटनला आणि त्याच्यानंतरच्या प्रत्येक मोजणीदाराला एकच प्रश्न छळत राहिला: कोनातली चूक तेवढीच राहणार असेल, तर त्रिकोणाचा आकार कसा ठेवला म्हणजे ती लांबीत कमीत कमी उतरेल?

जमिनीवर आडव्या पसरलेल्या त्रिकोणांसाठी मोजणीशास्त्राची पुस्तकं याचं उत्तर अगदी नेमकं देतात. समद्विभुज त्रिकोण घ्यावा आणि पायाचे दोन्ही कोन ५६ अंश १४ मिनिटांचे असावेत. प्रत्यक्षात टेकड्या आपल्या सोयीनं उभ्या नसतात, म्हणून कामापुरता नियम असा की कुठलाही कोन ३० अंशांहून लहान आणि १२० अंशांहून मोठा नको. चिंचोळा त्रिकोण आला की चूक फुगलीच म्हणून समजा.

हाच त्रिकोण जमिनीवरून उचलून उभा करा. एक बाजू जमीन, दुसरी झाड किंवा टाकी, आणि तिसरी तुमची नजर. आता एक कोन काटकोन म्हणून ठरलेलाच आहे, त्यामुळं गणित बरंच सोपं होतं. आपल्याकडं दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात त्रिकोणमितीच्या प्रकरणात हेच येतं. उन्नतकोन ३०, ४५ किंवा ६० अंश, अंतर दिलेलं, उंची काढा. पुस्तकातला कोन कधी चुकत नाही. मैदानात जाऊन कोनमापकाला दोरा आणि ओळंबा बांधून बघितलं, की पहिल्याच वाचनाला कळतं की दोरा ४३ वर आहे की ४४ वर, याबद्दल दोघांचं एकमत होत नाही.

त्याला कारणही आहे. कंपासपेटीतल्या कोनमापकाची त्रिज्या साधारण ५ सेंटिमीटर असते. त्याच्या कडेवर एक अंश म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर. ओळंब्याचा दोराच अर्धा मिलिमीटर जाड, त्यात तो वाऱ्यानं हलतो आणि वाचणारा किंचित बाजूनं बघतो. एका अंशाची चूक म्हणजे हलगर्जीपणा नव्हे, या साधनाची ती नेहमीची चाल आहे. लॅम्बटनच्या मोठ्या थिओडोलाइटची आडवी चकती ३६ इंच व्यासाची होती आणि यंत्राचं वजन सुमारे अर्धा टन. त्या चकतीवर एक अंश जवळपास ८ मिलिमीटर जागा घेई, आणि सूक्ष्मदर्शकातून त्याचे बारीक भाग वाचता येत. हे धूड माणसांच्या खांद्यावरून टेकड्यांवर चढत असे. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या मनोऱ्यावर चढवताना दोर तुटला, यंत्र आपटलं आणि चकती वाकली. लॅम्बटननं आठवड्यांमागून आठवडे खपून ती स्वतः ताळ्यावर आणली. कोनाचा एक बारीकसा भाग वाचवण्यासाठी एवढा खटाटोप.

आपण आपल्या एका अंशाकडं वळू. जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात खांबांवर उभी असलेली पाण्याची टाकी दिसतेच. धरून चालू की तिचा माथा आपल्या डोळ्यांच्या पातळीपासून बरोबर २० मीटर वर आहे. डोळ्यांची जमिनीपासूनची उंची, साधारण दीड मीटर, शेवटी मिळवायची. सूत्र एकच:

h = d × tan θ

d म्हणजे टाकीच्या मध्याखालच्या बिंदूपासूनचं आपलं आडवं अंतर, θ म्हणजे उन्नतकोन. आता वेगवेगळ्या जागी उभं राहून तीच एका अंशाची चूक करून बघू.

२० मीटरवर उभं राहिलात तर कोन ४५ अंशांचा येतो. तो चुकून ४६ वाचला, तर उंची २०.७ मीटर निघते; ४४ वाचला, तर १९.३. म्हणजे चूक सुमारे ७० सेंटिमीटर, साडेतीन टक्के. आता मागं सरत सरत साडेचौऱ्याहत्तर मीटरवर जा. कोन १५ अंश. तीच एका अंशाची चूक इथं १.४ मीटरची होते, दुप्पट. मग उलट दिशेनं पुढं जाऊन टाकीपासून जेमतेम ५.४ मीटरवर मान उंचावून उभे राहा. कोन ७५ अंश, आणि चूक पुन्हा तीच, सरासरी १.४ मीटर. आणखी पुढं, पावणेदोन मीटरवर गेलात की कोन ८५ अंश. तिथं कोन ८६ वाचला तर गणित २५ मीटर सांगतं आणि ८४ वाचला तर १६.७. उंचीचा अंदाज नुसत्या डोळ्यांनी याहून बरा लागला असता. शिवाय जवळ गेल्यावर चूक दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही: जास्तीचा अंश ५ मीटर वाढवतो, कमीचा अंश ३.३ मीटरच घटवतो. त्यामुळं अशा जागेवरून अनेक वाचनं घेऊन त्यांच्या उंचींची सरासरी काढली, तर ती थोडी वरच राहते.

हे असं का होतं, ते चित्र काढलं तर विकलनाशिवायही दिसतं. डोळ्यापासून टाकीच्या माथ्यापर्यंत नजरेची एक तिरकी रेषा जाते. कोन एका अंशानं हलला, की त्या रेषेचं टोक तिच्या लांबीच्या सत्तावन्नाव्या भागाइतकं सरकतं. म्हणजे रेषा जितकी लांब, तितकं टोक जास्त हलणार. लांब उभं राहण्याचा तोटा हा. पण टोक सरकतं ते रेषेला काटकोनात, आणि आपल्याला हवी आहे उभी सरक. विजेरीचा झोत भिंतीवर तिरका टाकला की लांबलचक पसरतो, तसं जवळून वर बघताना नजर टाकीच्या उभ्या रेषेला इतकी तिरकी छेदते, की टोकाची थोडीशी हालचालही उभ्या रेषेवर लांब पसरते. जवळ उभं राहण्याचा तोटा हा. १५ अंशांवर रेषा ७७ मीटर लांब असते, तिरकेपणा नगण्य. ७५ अंशांवर रेषा २१ मीटरहूनही आखूड असते, पण तिरकेपणा चूक जवळपास चौपट करतो. दोन्हींचा गुणाकार सारखाच येतो. हे दोन तोटे एकमेकांना बरोबर तोलतात ते ४५ अंशांवर. ज्यांना सूत्र हवं त्यांच्यासाठी:

dh / h = 2 dθ / sin 2θ

खालचा sin 2θ सर्वांत मोठा, म्हणजे १, होतो तो २θ हा ९० अंश असताना. यातला dθ रेडियनमध्ये धरायचा. एक अंश म्हणजे ०.०१७४५.

अकरावी-बारावीतली हुशार मुलं इथं एका खड्ड्यात हमखास पडतात. ती h = d tan θ याचं विकलन करतात, त्यांना d sec² θ मिळतं, आणि sec² θ हा कोनाबरोबर वाढत जातो म्हणून ती सांगतात की कोन जितका लहान तितकं बरं. विकलन बरोबर आहे, पण प्रश्न बदलला गेला आहे. त्यांनी अंतर खुंटीला बांधून ठेवलं आणि टाकी लहान-मोठी केली. आपल्याला टाकी तीच ठेवायची आहे आणि स्वतः मागं-पुढं व्हायचं आहे. कोन लहान करायचा तर d वाढवावा लागतो, आणि तो वाढलेला d चूक पुन्हा फुगवतो. d च्या जागी h / tan θ घातलं की वरचं सूत्र आपोआप मिळतं.

आता एक दिलाशाची गोष्ट. ४५ अंशांवर नेमकं उभं राहण्यासाठी फार आटापिटा करायचं कारण नाही. ३० अंशांवर किंवा ६० अंशांवर तीच चूक ७० ऐवजी ८१ सेंटिमीटर होते, म्हणजे फक्त १५ टक्क्यांनी जास्त. या वक्राचा तळ चांगला रुंद आहे. कडेला गेल्यावर तो झपाट्यानं चढतो. जमिनीवरच्या त्रिकोणांचा तो ३० अंशांचा नियम आठवा. लहान कोनाची सीमा तिथंही साधारण इथंच येते.

पण ३० आणि ६० खरंच सारखे आहेत का? इथं पाठ्यपुस्तकं बहुधा थांबतात. आतापर्यंत आपण अंतर बिनचूक धरलं होतं, आणि मोजपट्टीचं अंतर बिनचूक असतंही, जर कशापासून मोजायचं ते ठाऊक असेल तर. टाकीच्या मध्याखालचा बिंदू खांबांच्या मधोमध असतो, तिथं अनेकदा कुंपण असतं, पाइप असतात. सागवानाचा शेंडा बुंध्याच्या बरोबर वर असेलच असं नाही. अंतरात अर्ध्या मीटरची चूक सहज राहते, आणि ती उंचीत tan θ च्या पटीनं उतरते. ३० अंशांवर तिचे २९ सेंटिमीटर होतात, ४५ वर ५०, ६० वर ८७. ही चूक दोन्ही बाजूंना सारखी वागत नाही. तिला लांब उभं राहणंच मानवतं.

कोनाची आणि अंतराची चूक एकमेकांशी संबंध नसलेली, म्हणून त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं. आपल्या टाकीसाठी, एक अंश आणि अर्धा मीटर धरून, ३० अंशांवर एकूण चूक ८६ सेंटिमीटर येते आणि ४५ वरही ८६ च. ६० वर मात्र ती १ मीटर १८ सेंटिमीटरवर जाते. सर्वांत कमी, ८२ सेंटिमीटर, येते ३७-३८ अंशांच्या आसपास. म्हणजे २० मीटरच्या टाकीसाठी २० मीटरवर नव्हे, २६ मीटरवर उभं राहावं. अंतराबद्दल शंका असेल तर ४५ पासून काही पावलं मागं सरा, पुढं नको. माझ्या मते पंचेचाळीसचा नियम मुलांना शिकवताना ही पुस्ती जोडलीच पाहिजे, नाहीतर मुलं झाडाच्या बुडाशी जाऊन मान मोडून घेतात आणि ६० आणि ३० सारखेच म्हणून समाधान मानतात.

मागं सरण्याला दुसराही आधार आहे. टाकीचं छत घुमटाकार असेल, तर जवळून बघताना खरा माथा दिसतच नाही. नजर घुमटाच्या अलीकडच्या फुगवट्याला घासून जाते आणि आपण त्यालाच माथा समजतो. पसरट झाडाचंही तेच. अलीकडची फांदी शेंड्याला झाकते, ती आपल्या जवळ असते म्हणून कोन मोठा येतो आणि झाड कागदावर उंच होतं. तुमच्याकडं झुकलेलं झाड जास्त उंच भरतं, पलीकडं झुकलेलं कमी. ४५ अंशांवर झुकाव एक मीटरचा असेल तर उंचीतली चूकही एक मीटरची. उपाय साधा आहे: झुकाव डावीकडं किंवा उजवीकडं दिसेल अशा बाजूला जाऊन उभं राहायचं. मग झुकावामुळं अंतर जवळजवळ बदलत नाही.

चूक नेमकी कोणत्या जातीची आहे, हे ओळखता येणं निम्मं काम आहे. दोरा हलल्यामुळं होणारी चूक कधी वर कधी खाली असते. नऊ वाचनांची सरासरी घेतली तर ती साधारण एक-तृतीयांशावर येते. पण कोनमापक नजर धरायच्या पट्टीवर किंचित तिरका चिकटवला गेला असेल, तर प्रत्येक वाचनात तोच अंश जास्त येईल आणि सरासरीनं तो हलणार नाही. हे पकडायचं तर एकाच टाकीची उंची निरनिराळ्या अंतरांवरून काढा. ४५ अंशांच्या जागेवरून एक उंची आली, आणि १५ व ७५ अंशांच्या जागांवरून दोन्ही वेळा तिच्याहून मोठीच आली, तर साधन खोटं बोलतंय. उत्तरं कधी वर कधी खाली गेली, तर हात हलतोय.

शून्य तपासण्याची गवंड्यांची रीत इथं उत्तम चालते. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं दोन भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा करा. एका खुणेशी डोळा ठेवून दुसरी बघा. कोन शून्य यायला हवा. आला नाही, तर जो येईल तो पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करा. थिओडोलाइटवर हेच काम दुर्बीण उलटवून करतात. एकच खूण फेस लेफ्ट आणि फेस राइट अशी दोनदा वाचतात. यंत्राचा कल एका वाचनात जितका मिळवला जातो तितकाच दुसऱ्यात वजा होतो.

आता लॅम्बटनच्या वारसदारांकडं जाऊ, कारण ४५ अंशांचा नियम कुठं संपतो ते तिथं दिसतं. या नियमाची एक अट आहे: उभं कुठं राहायचं, ते तुमच्या हातात हवं. एव्हरेस्ट शिखर, त्या काळचं नाव पीक फिफ्टीन, १८४९-५० मध्ये बिहारच्या सपाटीवरच्या सहा ठिकाणांवरून बघितलं गेलं. ४५ अंशांसाठी शिखराच्या पायथ्याशी, आडव्या अंतरानं नऊ किलोमीटरच्या आत जावं लागलं असतं. इंग्रज मोजणीदारांना नेपाळमध्ये प्रवेशच नव्हता. त्या ठिकाणांपैकी जिरोलहून शिखर ११८ मैलांहून लांब, म्हणजे १९१ किलोमीटरवर होतं, आणि उन्नतकोन भरला दोन अंशांहूनही कमी: १ अंश ५३ मिनिटं.

आपल्या शाळकरी साधनाचा एक अंश इथं चुकला असता, तर उंचीत सव्वातीन किलोमीटरहून जास्त फरक पडला असता. पण त्यांचं यंत्र सेकंदांत बोलत होतं, आणि एक सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. १९१ किलोमीटरवर एका सेकंदाची चूक ०.९३ मीटर होते. कोन वाईट होता, तर वाचन हजारो पट बारीक करून त्याची भरपाई केली.

खरा घोळ वेगळ्याच ठिकाणी होता. एवढ्या अंतरावर पृथ्वीच्या गोलाईमुळं शिखराचा पावणेतीन किलोमीटरहून जास्त भाग आडव्या रेषेखाली जातो. ते गणितानं नेमकं काढता येतं. पण हवेतून येणारा किरण वाकतो आणि शिखर खऱ्याहून वर दिसतं. नेहमीच्या हवेत ही उचल जिरोलपाशी साडेतीनशे मीटरहून जास्त होते, आणि ती तापमान, हवेचा दाब आणि वेळ यांच्याबरोबर बदलते. वक्रीभवनाचा गुणांक एक-दशांशानं चुकीचा धरला, तर ३७ मीटरचा फरक. यंत्रातल्या सेकंदाच्या तुलनेत हा आकडा राक्षसी आहे, आणि ४५ अंशांच्या सूत्रात त्याला कुठंच जागा नाही.

यावर त्यांचे इलाज दोन. जिथं शक्य होतं तिथं दोन्ही ठिकाणांवरून एकमेकांचे उभे कोन घ्यायचे. किरण दोन्ही बाजूंनी सारखाच वाकतो, म्हणून वजाबाकीत वाकणं निघून जातं आणि त्या भागातला गुणांकही हाती लागतो. शिखरावर अर्थातच कुणी जाऊन बसणार नव्हतं. म्हणून दुसरा इलाज: उभे कोन दुपारी घ्यायचे, जेव्हा तापलेल्या जमिनीवरची हवा ढवळलेली असते आणि वक्रीभवन सर्वांत कमी व स्थिर राहतं. दुपारच्या उन्हात दुर्बिणीतली प्रतिमा थरथरते, सकाळी ती सुबक आणि निश्चल दिसते. तरीही मोजणीदार थरथरती दुपारच पत्करत. थरथर सरासरीत विरते. सकाळचं निश्चल चित्र मात्र कितीतरी मीटर वर उचललेलं असतं, आणि ते किती, हे चित्राकडं बघून कळत नाही.

सहा ठिकाणांवरून आलेल्या उंची अशा होत्या: मिनईहून सर्वांत कमी, २८,९९० फूट, हरपूरहून सर्वांत जास्त, २९,०२६ फूट. तफावत ३६ फूट, म्हणजे अकरा मीटर. सरासरी आली २९,००२ फूट, आणि ती सर्वेक्षणाचा तेव्हाचा प्रमुख अँड्र्यू वॉ यानं १८५६ मध्ये जाहीर केली. मीटरमध्ये ती ८,८३९.८ भरते, २०२० मध्ये नेपाळ आणि चीननं जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. नऊ मीटरांचा हा फरक १९१ किलोमीटरवरून सुमारे दहा सेकंदांएवढा दिसतो. एवढ्या अंतरावर किरण किती वाकला असेल, याच्या अंदाजातही तितकी ढिलाई सहज मावते, आणि समुद्रसपाटी कुठं धरायची हा वेगळा प्रश्न त्यात मिसळलेला आहेच.